आधी स्लॅब, मग हप्ता

आम्ही दोघी एका बिल्डरच्या ऑफिसात हिशोबाचं काम करतो. एक साताऱ्याच्या साइटवर बसते, दुसरी सांगलीच्या. दोघीही बचत गटात वाढलो. गटाचं रजिस्टर लिहिता लिहिताच हिशोबाची गोडी लागली आणि पुढं या नोकरीत आलो. आज आम्ही तुम्हाला आमच्या आठवड्याच्या अहवालाबद्दल सांगणार आहोत. किती फ्लॅट बुक झाले आणि बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणं किती पैसे जमा झाले, हे आम्ही दर शनिवारी संध्याकाळी लिहून काढतो आणि सोमवारी सकाळी तो कागद मालकांच्या टेबलावर ठेवतो.

तुम्ही म्हणाल, बिल्डरच्या कागदाशी आमचा काय संबंध? संबंध असा की, हल्ली गावातल्या कितीतरी घरांनी तालुक्याला नाहीतर जिल्ह्याच्या गावी फ्लॅट घेतलाय. कुणाचा मुलगा फौजेत आहे, कुणाचा मुंबईला माथाडीत. विटा, आटपाडीकडची गलाई कामातली माणसं तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत पांगलीत, पण घर त्यांना सांगलीतच हवं असतं. पैसे बाहेरून येतात, आणि हप्त्याचं पत्र मात्र घरात असलेल्या बाईच्या हातात पडतं. त्या पत्रामागं आमच्या अहवालातली एक ओळ असते. ती ओळ चुकली की तुमचा हप्ता चुकतो. आमच्या हातून ती एकदा चुकली होती. ते आम्ही पुढं सांगूच. आधी हा कागद कसा असतो ते बघू.

गटाच्या बैठकीत आपण तीन गोष्टी वेगळ्या लिहितो. येणं किती, वसूल किती, थकीत किती. गटात वीस जणी आहेत म्हणून पेटीत वीस जणींचे पैसे आहेत, असं कुणी म्हणत नाही. फ्लॅटचंही तसंच आहे. बुकिंग झालं म्हणजे पैसे आले, असं नसतं.

आमच्या ऑफिसात 'बुकिंग' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जायचा. एखादं जोडपं रविवारी येऊन ११ हजारांचा चेक देऊन जायचं, तेही बुकिंग. कुणी लाखभर भरून अर्जावर सही करायचं, तेही बुकिंग. आणि ज्यांचा करारनामा दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात नोंदवून झालाय, तेही बुकिंगच. खरं बघितलं तर यात शेवटचं तेवढं पक्कं. रेरा कायद्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की करारनामा करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे ३० लाखांचा फ्लॅट असेल तर नोंदणीआधी जास्तीत जास्त ३ लाख. त्यामुळं नोंदणी झालेली नसेल त्या बुकिंगवर पुढचा एकही हप्ता मागता येत नाही. म्हणून आमच्या अहवालात आता 'बुकिंग' आणि 'नोंदणी झालेले' असे दोन वेगळे रकाने आहेत. आणि तिसरा रकाना 'रद्द झालेले'. तो लिहायला कुणालाच आवडत नाही, पण तो नसेल तर बाकीचे दोन खोटे पडतात.

आता टप्पे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या रेरा नियमांमध्ये करारनाम्याचा एक नमुना दिलेला आहे. कुठल्या टप्प्याला एकूण किती टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते, हे त्यात लिहिलंय. आपण ३० लाखांच्या फ्लॅटवर ते मोजून बघू, म्हणजे डोक्यात बसेल.

करारनामा झाल्यावर ३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९ लाख. बुकिंगला भरलेले पैसे यातच धरायचे. मग जोतं पूर्ण झालं, ज्याला साइटवर सगळे प्लिंथ म्हणतात, की एकूण ४५ टक्के. म्हणजे आणखी साडेचार लाख. मग सगळे स्लॅब पूर्ण होईपर्यंत एकूण ७० टक्के. स्लॅबचे हे २५ टक्के स्लॅबच्या संख्येप्रमाणं वाटले जातात. इमारतीला पाच स्लॅब असतील तर प्रत्येक स्लॅबला ५ टक्के, म्हणजे दीड लाख. पुढं भिंती, आतला गिलावा, फरशी, दारं-खिडक्या झाल्या की ७५ टक्के. संडास-बाथरूमची फिटिंग, जिने आणि लॉबी झाली की ८०. बाहेरचं प्लंबिंग, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की ८५. लिफ्ट, पाण्याचे पंप, विजेचं काम झालं की ९५. आणि उरलेले ५ टक्के, आपल्या हिशोबात दीड लाख, भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा देताना.

ही यादी पाठ करू नका. एवढंच लक्षात ठेवा की प्रत्येक टप्पा 'पूर्ण झाल्यावर' असा आहे. 'सुरू झाल्यावर' नाही आणि 'होत आल्यावर' तर नाहीच. आमचा अहवाल याच एका शब्दावर उभा आहे.

आता आमच्यासारख्या अहवालातली एक शनिवार संध्याकाळ बघू. आकडे सोपे पडावेत म्हणून आम्ही ते गोल केलेत. वीस फ्लॅटची इमारत, प्रत्येक फ्लॅट ३० लाखांचा. आजपर्यंत १२ बुकिंग. त्यातलं एक रद्द झालं. उरले ११. त्यातल्या ९ जणांची नोंदणी झालीय, दोघांनी अजून एकेक लाखच भरलंय. साइटवर जोतं झालंय आणि दोन स्लॅब झालेत.

यावर सेल्सचा मुलगा आनंदात काय सांगतो? बारा फ्लॅट विकले, तीन कोटी साठ लाखांचा धंदा झाला. ऐकायला झकास आहे. पण पेटीत काय आहे ते बघू.

नोंदणी झालेल्या प्रत्येकाकडून आजच्या तारखेला किती येणं आहे? करारनाम्याचे ३०, जोत्याचे १५, दोन स्लॅबचे १०. झाले ५५ टक्के, म्हणजे साडेसोळा लाख. असे ९ जण. एकूण येणं १ कोटी ४८ लाख ५० हजार. आता जमा. सहा जणांनी पूर्ण साडेसोळा लाख भरलेत, त्यांचे ९९ लाख. एकानं पहिल्या स्लॅबपर्यंतचे १५ लाख भरलेत. एकानं जोत्यापर्यंतचे साडेतेरा लाख. आणि एकानं करारनाम्याचे ९ लाखच. बेरीज १ कोटी ३६ लाख ५० हजार. राहिले १२ लाख.

म्हणजे १०० रुपये येणं असेल तर जवळजवळ ९२ रुपये आले. चांगलं आहे की वाईट? नुसत्या टक्क्यावरून सांगताच येत नाही. त्यासाठी तिघांची बाकी वेगवेगळी बघावी लागते.

पहिल्याचे दीड लाख बाकी आहेत, पण मागणीपत्र जाऊन आठच दिवस झालेत. आमच्या करारनाम्यात पंधरा दिवसांची मुदत आहे. मग ही रक्कम थकीत नाहीच. बँकेचा माणूस साइट बघून गेलाय, पैसे येतील. दुसऱ्याचे तीन लाख बाकी आहेत, चाळीस दिवस झालेत. घरी फोन केला तेव्हा कळलं की उसाचं बिल निघालेलं नाही. कायद्यानं ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण कारखान्याकडून उशीर झाला तर तोच उशीर आमच्या अहवालात उतरतो. ही बाकी खरी आहे, पण ती निघेल. तिसऱ्याचे साडेसात लाख बाकी आहेत आणि एकशे दहा दिवस झालेत. त्यांचं कर्जच मंजूर झालेलं नाही. त्यांचे जोत्यापासूनचे तिन्ही हप्ते चुकलेत. हे घर अडचणीत आहे.

बारा लाख तेच, पण तीन घरांच्या तीन गोष्टी. म्हणून अहवालात बाकीसमोर दोन रकाने हवेतच. किती दिवस झाले, आणि कारण काय. कारणाच्या जागी नुसतं 'फोन केला' असं लिहिलेलं असेल तर तो रकाना भरला नाही असं आम्ही समजतो. तिसऱ्या घराचं वेळेत कळणं फार महत्त्वाचं असतं. कारण नमुना करारनाम्याप्रमाणं तीन हप्ते चुकले की बिल्डर पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करू शकतो. एकशे दहाव्या दिवशी कळण्यापेक्षा विसाव्या दिवशी कळलं, तर दुसरी बँक बघता येते किंवा हप्त्यांची नवी तारीख लेखी ठरवता येते.

जमा रकमेबद्दलही दोन गोष्टी सांगतो, कारण यात हमखास घोळ होतो. पहिली म्हणजे चेक. शनिवारी दुपारी चेक हातात आला की सेल्सवाल्यांना तो त्याच आठवड्यात दाखवायचा असतो. आम्ही तो वटल्याशिवाय जमा धरत नाही. 'हातात चेक' असा वेगळा आकडा लिहितो. दुसरी गोष्ट जीएसटी. गावोगावच्या ३० लाखांच्या छोट्या फ्लॅटला, म्हणजे मोठ्या महानगरांच्या बाहेर ९० चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंत आणि ४५ लाखांपर्यंतच्या फ्लॅटला, १ एप्रिल २०१९ पासून १ टक्का जीएसटी आहे. दीड लाखाच्या हप्त्यावर दीड हजार. ग्राहक १ लाख ५१ हजार ५०० भरतो. त्यातले दीड हजार सरकारचे. ते हप्त्यात धरले तर आमची वसुली फुगते, आणि तुमच्या खात्यात रक्कम जास्त भरल्यासारखी दिसून पुढच्या पत्रात गोंधळ होतो. तुमची पावती बघा. हप्ता आणि जीएसटी वेगवेगळे लिहिलेले असले पाहिजेत.

आणि रोख पैशांचं एकच सांगतो. जमिनीच्या किंवा घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यानं बंदी आहे. कुणी हातात रोख घेऊन चिठ्ठीवर सही केली असेल, तर ती रक्कम आमच्या अहवालात कुठंच येत नाही. तुमच्या दृष्टीनं पैसे भरले, कागदाच्या दृष्टीनं तुम्ही थकबाकीदार.

आता आमच्या चुकीची गोष्ट.

जुलै महिना होता. तिसरा स्लॅब व्हायचा होता. सेंट्रिंग झालं होतं, लोखंड बांधून झालं होतं, काँक्रीटची गाडीही सांगून ठेवली होती. सळईवाल्याचं बिल डोक्यावर होतं. स्लॅब झाला की नऊ घरांचे दीड दीड लाख, म्हणजे साडेतेरा लाखांची मागणी करता येणार होती. त्या शनिवारी साइटवरून फोन आला, 'सोमवारी स्लॅब होतोयच, आत्ताच लिहून टाका.' आम्ही लिहिलं, 'तिसरा स्लॅब पूर्ण.' सोमवारी नऊ मागणीपत्रं निघाली.

आणि त्याच रात्री पाऊस धरला. साताऱ्याकडचा जुलैतला पाऊस तुम्हाला सांगायला नको. सलग पडत राहिला. स्लॅब झाला तो तीन आठवड्यांनी.

त्या नऊ घरांमध्ये एक मावशी होत्या. मुलगा फौजेत, सीमेवर. इथं कागदपत्रं सगळी त्या बघायच्या. पत्र मिळाल्यावर त्यांनी बँकेत दिलं. बँकेचा इंजिनिअर साइट बघून गेला आणि म्हणाला, तिसरा स्लॅब दिसत नाही, पैसे सोडता येणार नाहीत. इकडं आमच्या पत्रात खाली छापील ओळ होती, मुदतीत रक्कम न भरल्यास व्याज लागेल. मुलाला फोन लागेना. मावशी घाबरल्या. आपल्यामुळं मुलाचं घर जायला नको, म्हणून त्यांनी पाटल्या आणि मोहनमाळ पतसंस्थेत तारण ठेवली, दीड लाख काढले आणि आमच्याकडं भरले. पंधरा दिवसांच्या आत.

त्या शनिवारी आम्ही अहवाल लिहिला. मावशींच्या नावासमोर 'पूर्ण जमा, वेळेत.' मालक खूश. नऊतल्या दोघांनी पैसे भरले होते, त्यात मावशी पहिल्या. बाकीच्या सात जणांना आम्ही 'थकीत' म्हणून लिहिलं. आता मागं वळून बघितलं की लाज वाटते. त्या आठवड्यात त्या इमारतीत थकीत असं काहीच नव्हतं. स्लॅबच झाला नव्हता, मग हप्ता थकेल कसा?

पुढच्या आठवड्यात मावशी पावती घ्यायला आल्या. पावसात छत्री घेऊन आल्या होत्या. पावती हातात घेतली आणि म्हणाल्या, 'पोरींनो, आलेच आहे तर स्लॅब बघून जाते. मुलाला सांगता येईल.' आम्ही काही बोलायच्या आधीच त्या जिन्यानं वर गेल्या. दोन मजले चढल्या. वर नुसतं लोखंड आणि त्यात साठलेलं पाणी. खाली येऊन त्यांनी आम्हाला एवढंच विचारलं, 'बाई, मी पैसे कशाचे भरले?'

त्यांना द्यायला आमच्याकडं उत्तर नव्हतं. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी आम्ही अहवाल पुन्हा लिहायला घेतला. तिसऱ्या स्लॅबची ओळ खोडली. साडेतेरा लाखांची मागणी खोडली. ज्या दोघांनी पैसे भरले होते त्यांची रक्कम 'आगाऊ जमा' या वेगळ्या रकान्यात टाकली. मग साहेबांसमोर दोन्ही कागद ठेवले आणि सांगितलं की आधीचा चूक आहे. ते रागावले. पण मागणीपत्रं रद्द केल्याची नवीन पत्रं नऊही घरांना गेली, आणि मावशींना रक्कम परत देतो असं त्यांनी सांगितलं. मावशी म्हणाल्या, 'आता स्लॅब होईलच, ठेवा.' पतसंस्थेचं व्याज महिन्याला दीड हजार होतं. ते मावशींनाच बसलं. ते कुणी भरून दिलं नाही, हेही आम्ही सांगायला हवं.

या एका प्रसंगानं आमचा कागद बदलला. प्रत्येक टप्प्यासमोर आता एक तारीख लागते. साइट इंजिनिअरनं तोंडी सांगितलेली नाही. आर्किटेक्टनं काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला त्या दाखल्याची तारीख, आणि सोबत साइटचा फोटो. दाखला नसेल तर टप्पा 'पूर्ण' लिहायचा नाही, आणि टप्पा पूर्ण नसेल तर मागणीपत्राचा नमुना उघडायचाच नाही. काम चालू असेल तर 'पुढच्या आठवड्यात अपेक्षित' या वेगळ्या रकान्यात लिहायचं. मालकांना सळईचं बिल भागवायला अंदाज लागतो, तो त्यांना तिथं मिळतो. पण अंदाज हा अंदाज म्हणूनच लिहायचा.

चूक कशी ओळखायची, तेही आम्ही शिकलो. स्लॅब झाल्यावर कर्जवाल्या घरांचे पैसे बँकेकडून साधारण एकाच सुमाराला येऊ लागतात. एखाद्या टप्प्याला एकाही बँकेचा पैसा आला नाही आणि फक्त घरातले, तारणातले पैसे आले, तर समजायचं की तो टप्पा बँकांच्या इंजिनिअरला दिसलेला नाही. आकडे ओरडून सांगत होते. आम्ही त्या आठवड्यात नुसती बेरीज बघितली.

उलटही होतं. वसुली कमी दिसते, पण त्यात कुणाचा दोष नसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. असा पूर आला की काम थांबतं, मजूर गावी जातात. काम थांबलं की टप्पा होत नाही, टप्पा नाही तर मागणी नाही, आणि मागणी नाही तर जमा नाही. अशा आठवड्यात जमेसमोर शून्य लिहिताना त्याच्याशेजारी 'मागणीही शून्य' असं लिहावं लागतं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की लोक पैसे बुडवायला लागलेत. बुकिंगचंही तसंच. पितृपक्षात कुणी फ्लॅट बुक करत नाही आणि दसऱ्याला रांग लागते. पितृपक्षातल्या आठवड्याची तुलना दसऱ्याच्या आठवड्याशी केली तर दोन्हीकडून फसायला होतं. आम्ही मागच्या वर्षीचा तोच सण शेजारी ठेवतो.

हे जमा झालेले पैसे कुठं जातात, हेही सांगायला हवं. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के बिल्डरला त्या प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात. ते फक्त त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी आणि बांधकामासाठी वापरायचे. काढताना इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि चार्टर्ड अकाउंटंट या तिघांचे दाखले लागतात, आणि काम जेवढं झालं त्या प्रमाणातच काढता येतात. म्हणून तुमचा चेक कुणाच्या वैयक्तिक नावावर देऊ नका. करारनाम्यात ज्या खात्याचा नंबर लिहिलाय त्याच खात्यावर भरा.

एक गोष्ट मात्र आमच्या अहवालातून कळत नाही. इमारत पूर्ण व्हायला अजून किती खर्च आहे, आणि राहिलेल्या हप्त्यांतून तो भागेल का, हे बुकिंग आणि वसुलीच्या कागदावर दिसत नाही. ९२ टक्के वसुली असलेलं कामही अडकू शकतं. म्हणून वसुली चांगली आहे असं कुणी सांगितलं, तरी साइटवर काम चालू आहे का हे डोळ्यांनी बघावंच लागतं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरी असं मागणीपत्र आलं तर काय करायचं? पत्रात टप्प्याचं नाव असतं. ते करारनाम्यातल्या टप्प्यांच्या यादीशी जुळवा. मग आर्किटेक्टच्या दाखल्याची प्रत मागा. मागायला लाजू नका, बँकही मागते. जमलं तर साइटवर जाऊन या, नाही जमलं तर तिथल्या कुणा ओळखीच्याला फोटो काढायला सांगा. टप्पा झाला नसेल तर तसं लेखी कळवा आणि पोचपावती घ्या. तुमच्या पत्रावर तारीख असली की पुढं व्याजाचा प्रश्न आला तर तो कागद तुमच्या बाजूनं बोलतो. आणि व्याजाच्या ओळीला एकदम घाबरू नका. नियमाप्रमाणं हा दर स्टेट बँकेच्या कर्जाच्या ठरलेल्या सर्वांत जास्त मूळ दरावर २ टक्के असा आहे. ताबा द्यायला बिल्डरनं उशीर केला आणि तुम्ही घर सोडलं नाही, तर त्यानं तुम्हाला द्यायचं व्याजही याच दरानं असतं. पत्रात फक्त एक बाजू छापलेली असते.

टप्पा खरोखर झाला असेल आणि पैशांची अडचण असेल, तर गप्प बसू नका. ऑफिसात येऊन आमच्यासारख्या हिशोब लिहिणारीला कारण सांगा आणि तारीख सांगा. 'उसाचं बिल यायचंय, अमुक तारखेला भरतो' एवढं लेखी दिलं, तर अहवालात तुमच्या नावासमोर ते कारण लिहिलं जातं. ज्या नावासमोर काहीच कारण नसतं, त्या घराला पहिली नोटीस जाते.

आणि घरात एक वही घाला. गटाच्या वहीसारखीच. टप्पा, दाखल्याची तारीख, मागणीची तारीख, रक्कम, जीएसटी, भरल्याची तारीख, पावती नंबर. वर्षातून दोनदा ऑफिसात जाऊन तुमची वही आणि आमचा खातेउतारा शेजारी ठेवून बघा. जुळायला हवेत. नाही जुळले तर चूक कुणाची ते तिथंच शोधता येतं.

त्या मावशींनी नंतर अशी वही केली. चौथ्या स्लॅबचं पत्र गेलं, तेव्हा त्या पैसे घेऊन आल्या नाहीत. आधी जिन्यानं वर गेल्या. वर उभ्या राहून पायानं स्लॅब दाबून बघितला, खाली आल्या आणि म्हणाल्या, 'हां, हा झालाय. आता द्या बँकेचं पत्र.' त्या शनिवारी त्यांच्या नावासमोर आम्ही 'पूर्ण जमा, वेळेत' असं लिहिलं. या वेळी ते खरं होतं.

नमस्कार.